मिनिट्समध्ये एकूण वाढही लिहा
“बजेटमधली दहा टक्क्यांच्या आतली वाढ समितीने मंजूर केली की तेवढी नोंद पुरते.”

एकाच वाढीपुरतं ठीक आहे. आमच्या चाकणच्या जेव्हीत, म्हणजे परदेशी भागीदाराबरोबरच्या संयुक्त कंपनीत, वर्षाचं बजेट 12 कोटी होतं. करारानुसार मूळ बजेटवर वर्षभरात एकूण 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ हा भागीदारांनीच ठरवायचा राखीव विषय. समितीने आधी टूलिंगसाठी 84 लाख मंजूर केले, पुढच्या बैठकीत शेडसाठी 60 लाख. सुटी पाहिली तर 7 आणि 5 टक्के, एकत्र 12! मिनिट्समध्ये बेरीजच नव्हती, म्हणून ऑर्डर निघून गेली आणि परदेशी भागीदाराने पैसे अडवले.

आता प्रत्येक खर्चाच्या ठरावाखाली मूळ बजेट, आजवरची वाढ आणि एकूण टक्के लिहितो. मर्यादा ओलांडली की ‘मंजूर’ऐवजी ‘भागीदारांकडे शिफारस’, आणि दोघांची लेखी संमती येईपर्यंत ऑर्डर नाही. समितीत दोन्हीकडचे प्रतिनिधी हजर होते, म्हणून ती संमती धरता येत नाही.