मदत हवी आहे: मिसळीच्या क्लाउड किचनचं गणित बसत नाहीये

नमस्कार मंडळी. पुण्यात घरूनच, फक्त डिलिव्हरी ॲपवर मिसळ विकायचा विचार आहे. भाडं नाही, म्हणून सोपं वाटलं होतं. कागदावर मांडलं आणि घाम फुटला.

प्लेट १४० ची. सुरुवातीला २० रुपये सूट माझ्या खिशातून, म्हणजे १२०. मला सांगितलेलं कमिशन २५ टक्के, म्हणजे ३०. त्यावर १८ टक्के जीएसटी ५.४०, आणि जेवणावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्यांना तो परत मिळत नाही. उरले ८४.६०. पॅकिंगचे १४, कारण तर्री, उसळ, फरसाण वेगळंच द्यावं लागतं. एकत्र भरलं की पोचेपर्यंत लगदा. कच्चा माल आणि गॅस ४५. हातात २५.६०.

रोज २५ ऑर्डर, महिन्याला २६ दिवस धरले तर १६,६४०. मदतनीस बाईंना १२,००० दिले की मला ४,६४०! आणि यात तर्री सांडल्याचे परतावे, ॲपवरची जाहिरात धरलेलीच नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: भाव सरळ १६० करू, की दोन प्लेटचा कॉम्बो लावू? पॅकिंगचे पैसे वेगळे लावले तर त्यावरही कमिशन कापतात का? आणि तर्रीसाठी न गळणारा स्वस्त डबा कुठला?