मदत हवी आहे: हॅमिंग कोड भलताच बिट दुरुस्त करतोय, `M` चा `}` होतोय

तेजू_कोथरूड

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी सबमिशन आहे आणि दोन दिवस एकाच जागी अडकून बसले आहे. प्रयोग असा: एका अक्षराचे आठ बिट घ्यायचे, चार पॅरिटी बिट घालून बारा बिटांचा कोडवर्ड करायचा, मग मुद्दाम एक बिट उलटवायचा आणि प्रोग्रॅमनं तो शोधून दुरुस्त करायचा.

हातानं केलं ते सांगते, म्हणजे चूक तिथंच असेल तर कळेल. `M` म्हणजे `01001101`. डावीकडून मोजत १, २, ४, ८ या जागा पॅरिटीला सोडल्या आणि आठ बिट ओळीनं ३, ५, ६, ७, ९, १०, ११, १२ वर बसवले. पॅरिटी सम ठेवली. जागा १ चा बिट एकाआड एक सगळ्या विषम जागा बघतो. तिथे ५ आणि ९ वर एक आहे, जोडी जमली, म्हणून ०. जागा २ चा बिट ३, ६, ७, १०, ११ बघतो, त्यात एकट्या १० वर एक, म्हणून १. जागा ४ चा ५, ६, ७, १२ बघतो, ५ आणि १२ ची जोडी, म्हणून ०. जागा ८ चा ९ ते १२ बघतो, तिथे तीन एक, म्हणून १.

```
1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12
0  1  0  0  1  0  0  1  1  1  0  1
```

आता जागा ६ उलटवली, म्हणजे `010011011101`. दुरुस्त केलं नाही तर हे `m` असं वाचलं जातं, तिथपर्यंत ठीक. पण सिंड्रोम, म्हणजे बिघडलेल्या जागेचा आकडा, ६ यायला हवा तो ७ येतो, प्रोग्रॅम ७ वा बिट उलटवतो आणि हातात `}` पडतो!

```python
def syndrome(bits):
    s = 0
    n = len(bits)
    for i in range(n):
        if bits[i] == "1":
            s ^= n - i
    return s
```

दुरुस्ती करताना `bits[s-1]` उलटवते. न बिघडवलेला कोडवर्ड दिला की सिंड्रोम ० येतो, त्यामुळे हे फंक्शन बरोबर आहे असं धरून बाकी सगळं तीनदा तपासलं. डोकं चालेनासं झालंय.

---

पेठेतला_पंत

पॅरिटीचा घोळ. कोडवर्ड करताना सम धरलीस आणि तपासताना विषम. आमच्या वेळी निम्मा वर्ग यातच आपटायचा.

दुसरं, एका अक्षराला शून्य आलं म्हणून फंक्शन बरोबर ठरत नाही. एकदा दार उघडलं म्हणजे किल्ली आपलीच असं नसतं. दुसरं अक्षर देऊन बघ.

---

तेजू_कोथरूड

काका, पॅरिटी दोन्हीकडे समच आहे. पण तुमचं दुसरं ऐकलं आणि घाबरलेच. `P` दिलं, `01010000`. त्याचा कोडवर्ड `010010100000` आला, हातानंही तोच येतो. काहीही न बिघडवता सिंड्रोम ५! मग `M` ला शून्य कसं आलं?

---

जुना_रिले

पंत, सम-विषमची गल्लत असती तर चारही तपासण्या एकदम बोंबलल्या असत्या आणि न बिघडलेल्या `M` ला १५ आले असते. १, २, ४, ८ यांचा एक्सॉर, म्हणजे द्विमानात हातचा न धरता केलेली बेरीज, १५. तिला शून्य आलंय, म्हणजे रोग तो नाही. दुसरं अक्षर द्यायचा सल्ला मात्र अचूक.

तेजू, चूक `n - i` मध्ये आहे. कोडवर्ड तू डावीकडून मोजून बांधलास, दुरुस्ती डावीकडून करतेस, पण सिंड्रोम उजवीकडून मोजतेस. पहिल्या फेरीत `i` शून्य असतो, तेव्हा `n - i` बारा होतो. तुझी ६ वी जागा त्या फंक्शनला ७ वी दिसते. त्यानं ७ सांगितलं ते त्याच्या बाजूनं खरंच आहे, तू ते आपल्या बाजूनं वाचलंस. तिथे `i + 1` कर.

आता ते नशिबाचं शून्य. तुझ्या `M` मध्ये एक कुठे कुठे आहेत? २, ५, ८, ९, १०, १२ वर. या आकड्यांचा एक्सॉर कर: २ आणि ५ चे ७, त्यात ८ घातले की १५, मग ९ नं ६, १० नं १२, आणि १२ नं शून्य. हे खरं शून्य. उजवीकडून मोजलं तर याच जागा ११, ८, ५, ४, ३, १ होतात. त्यांचाही एक्सॉर योगायोगानं शून्यच येतो. `P` ला उजवीकडून ११, ८, ६ मिळतात आणि त्यांचे ५ होतात. योगायोग संपला.

पॅरिटी बिट १, २, ४, ८ वरच का बसवतात तेही यातच दिसतं. या आकड्यांत द्विमानात एकच एक असतो, त्यामुळे प्रत्येक पॅरिटी बिट सिंड्रोमचा एकेकच अंक हलवतो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. `M` चे डेटा बिट ५, ९, १०, १२ वर. त्यांचा एक्सॉर १०. तो शून्यावर आणायला ८ आणि २ हव्यात, म्हणून त्या दोन जागी १, आणि जागा १ व जागा ४ वर ०. तू चार वेळा मोजलंस तेच एका दमात. आणि एक बिट बिघडला की शून्यात त्या जागेचा क्रमांक मिसळतो, म्हणून सिंड्रोम थेट पत्ता सांगतो. पॅरिटी इतर जागी ठेवूनही कोड चालतो, पण मग कुठला सिंड्रोम म्हणजे कुठली जागा याचा तक्ता जवळ बाळगावा लागतो.

हॅमिंग साहेबांची १९५० ची मांडणी हीच. बेल लॅबमधलं रिलेचं गणकयंत्र शनिवार-रविवारी माणूस नसताना चूक सापडली की ते काम सोडून पुढच्याकडे वळायचं. चूक झालीय हे यंत्राला कळतं, तर कुठे झालीय हे का कळू नये, या वैतागातून हे निघालं.

---

मंजिरी_सहकारनगर

मध्येच बोलते. मी बँकेत काउंटरवर आहे. आधार नंबरचा शेवटचा आकडा असाच तपासणीचा असतो ना? एक आकडा चुकला की सिस्टीम लगेच नंबर नाकारते, पण कुठला आकडा चुकला ते सांगत नाही. समोरच्या आजोबांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावते तेव्हा फार वाईट वाटतं. तुमचा हा प्रकार तिथे का लावत नाहीत?

---

जुना_रिले

ताई, तो व्हेरहूफचा आकडा. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर तो ओरडतो, पण त्याचं काम तिथं संपतं. जागा सांगायची तर तेवढी वेगवेगळी उत्तरं देता यायला हवीत. तेजूच्या कोडवर्डला तेरा उत्तरं लागतात: बारा जागांपैकी कुठली, किंवा काहीच बिघडलेलं नाही. चार बिटांत सोळा मावतात, म्हणून जमतं. तुमच्या एका तपास-आकड्यात दहाच उत्तरं. बारा जागा, आणि प्रत्येक जागी मूळ आकडा काय होता हेही सांगायचं, ते त्यात कसं मावणार? शिवाय तिथे आजोबा समोर बसलेले आहेत, पुन्हा विचारता येतं.

---

पेठेतला_पंत

सम-विषमचं मागे घेतो. पण सोळातले तेरा वापरले तर १३, १४, १५ उरतात. ते आले की दोन बिट बिघडले असं समजायचं. म्हणजे हा कोड एक चूक दुरुस्त करतो आणि दोन चुका पकडतो, बरोबर?

---

जुना_रिले

अर्धं बरोबर. १३ ते १५ आले तर एकापेक्षा जास्त बिट बिघडलेत हे नक्की. `M` मध्ये ६ आणि ९ बिघडवा, सिंड्रोम १५, पंधरावी जागाच नाही, प्रोग्रॅमनं हात वर करावेत. पण ६ आणि ७ बिघडवा. सिंड्रोम १. प्रोग्रॅम म्हणेल, पहिला पॅरिटी बिट बिघडला, डेटा शाबूत आहे, आणि अगदी खात्रीनं `}` हातात ठेवेल.

तेजूच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ६ तिनं बिघडवला, ७ प्रोग्रॅमनं. `M` आणि `}` यांचे कोडवर्ड तीनच जागी वेगळे आहेत, १, ६ आणि ७. त्यातल्या दोन जागा ओलांडल्या की `}` जवळचा होतो. दुरुस्ती करायचीच नाही असं ठरवलंत आणि शून्य नसलेला प्रत्येक सिंड्रोम नुसता नाकारलात, तर मात्र कुठल्याही दोन चुका पकडल्या जातात. दोन्ही हवं असेल तर तेरावा बिट घाला, सगळ्या बारांची मिळून पॅरिटी. सिंड्रोम शून्य नाही आणि एकूण पॅरिटी मात्र जुळते, तर दोन चुका. हात लावू नका. सर्व्हरच्या मेमरीत बरेचदा ६४ बिटांमागे ८ जादा असतात ते याच हिशेबानं, सात पत्त्याला आणि आठवा एकूण पॅरिटीला.

भोसरीत कारखान्यांच्या मीटरांचं काम करायचो तेव्हा यानंच हात पोळलेत. तिथे वेल्डिंग सुरू झालं की तारेवरचे चार-पाच बिट सलग जायचे आणि आमचा कोड ते मोठ्या उत्साहात आणखी बिघडवायचा. शेवटी दुरुस्ती काढली, चूक नुसती पकडणारा सीआरसी लावला आणि चुकलं की पुन्हा मागवायला लागलो.

---

तेजू_कोथरूड

`i + 1` केलं आणि सुटलं! काकांचं ऐकून एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. सगळी २५६ अक्षरं, प्रत्येकात बाराही जागा एकेक करून बिघडवल्या, ३०७२ पैकी ३०७२ दुरुस्त झाली.

मग जुनं चुकीचं फंक्शन न बिघडवलेल्या २५६ कोडवर्डवर चालवून बघितलं. ६४ ना शून्य आलं. म्हणजे चारातल्या एका अक्षराला ही चूक दिसतच नाही, आणि मी त्यातलंच `M` निवडलं. उरलेल्यांना फक्त ५, ८ किंवा १३ येतात, दुसरं काहीच नाही. का ते कळलं नाही.

एक प्रश्न राहिलाच. सबमिशनच्या पत्रकात आकृती उजवीकडून आहे, १२ वी जागा डावीकडे आणि १ उजवीकडे. तसं लिहिलं तर `M` चा कोडवर्ड `010011100101` येतो, माझा `010010011101`. वायव्हाला कुठला लिहू?

---

पेठेतला_पंत

पत्रकातला. परीक्षकाशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

---

जुना_रिले

दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींचे सिंड्रोम शून्य. मी तुझाच लिहीन आणि वर जागांचे आकडे घालीन, म्हणजे कुणाला बोट ठेवता येणार नाही. पंतांना हे पटणार नाही.

५, ८, १३ चं बघ: ५ आणि ८ चा एक्सॉर किती? आता एकेकच डेटा बिट १ ठेवून आठ कोडवर्ड कर, जुन्या फंक्शनमधून काढ आणि आठ उत्तरं इथे टाक.

---

तेजू_कोथरूड

१३, १३, ५, ८, १३, १३, ०, १३. अच्छा! पण ११ व्या जागेला शून्य का?