स्पॅनिश: 'पेरो' की 'सिनो'? दोन्ही 'पण'च का?

नवशिकी: स्पॅनिशचा क्लास चालू आहे. पुस्तकात पेरो आणि सिनो दोन्हीपुढे 'पण' एवढंच लिहिलंय. "नो एस कारो, पेरो नो मे गुस्ता" म्हणजे महाग नाहीये पण मला आवडत नाही, इथे पेरो. आणि "नो एस कारो, सिनो बारातो", महाग नाही, स्वस्त आहे, इथे सिनो. दोन्हीत सुरुवातीला नकारच आहे ना, मग कुठे काय हे ठरतं कशावरून?

जर्मनवाला: सोपंय, आधी नकार आला की सिनो, नाहीतर पेरो. जर्मनमधे पण आबर आणि झोंडर्न असंच आहे, नकारानंतर झोंडर्न.

रात्रपाळी: @जर्मनवाला अर्धं बरोबर. सिनोला आधी नकार लागतोच, पण नकार आला म्हणून सिनोच येईल असं नाही, जर्मनमधे पण नाही, आणि तिचं पहिलंच वाक्य बघा, नकार आहे तरी पेरो आहे.

बघायचं असं की दुसरा तुकडा पहिल्याच्या जागेवर येऊन बसतो का. महाग नाही, त्याच जागी स्वस्त. एक गेलं, दुसरं आलं, म्हणून सिनो. "आवडत नाही" हे महागच्या जागी बसत नाही, ती वेगळीच माहिती आहे, वरून जोडलेली, म्हणून पेरो.

खरी मजा तिथे आहे जिथे शब्द जवळजवळ तेच असून दोन्ही चालतात. समजा विमानात कोणी चक्कर येऊन पडलं, "कोणी डॉक्टर आहे का?" अशी घोषणा झाली आणि एक बाई उठून म्हणाली "नो सॉय मेदिका, पेरो सॉय एन्फेर्मेरा". मी डॉक्टर नाही, पण नर्स आहे, म्हणजे माझी मदत होईल. आता त्याच बाईंना कोणी डॉक्टर समजून "डॉक्टर" अशी हाक मारली तर त्या म्हणतील "नो सॉय मेदिका, सिनो एन्फेर्मेरा". हे दुरुस्त करणं झालं. मराठीत "डॉक्टर नाही पण नर्स आहे" आणि "डॉक्टर नसून नर्स आहे" यात जो फरक ऐकू येतो तोच हा. 'नसून' किंवा 'नाही, तर' बसलं की सिनो.

नवशिकी: अरे वा, नसून! पण मग सिनोच्या वाक्यात दुसरं सॉय कुठे गेलं? मी "सिनो सॉय एन्फेर्मेरा" लिहिलं असतं.

रात्रपाळी: क्रियापद एकच, पहिलंच दोन्हीकडे चालतं, बदलतो फक्त तुकडा. म्हणून तुकड्याला जे चिकटलेलं असेल तेही परत येतं: "नो एस दे माद्रिद, सिनो दे तोलेदो", माद्रिदचा नसून तोलेदोचा आहे. दे म्हणजे आपलं 'चा', ते विसरू नकोस.

जर्मनवाला: आणि क्रियापदच बदलायचं असेल तर सिनो के, हे मला माहितीये. क्रियापद आलं की के.

रात्रपाळी: काळ-पुरुषाप्रमाणे चालवलेलं क्रियापद आलं की. "नो एस्तुदिया, सिनो के त्राबाखा", शिकत नाही, काम करतो. पण मूळ रूप असेल तर के नाही: "नो किएरो कोमेर, सिनो दोर्मीर", मला जेवायचं नाही, झोपायचंय.

मडगावकर: मी पोर्तुगीज शिकलोय, आमच्याकडे सेनांव म्हणजे 'नाहीतर' असं पक्कं बसलंय डोक्यात, त्यामुळे सिनो पण तेच असणार असं वाटतं. आणि डॉक्टर-नर्सच्या दुसऱ्या वाक्याला पोर्तुगीजमधे साधं मास चालतं, मास सिं पण म्हणतात, आणि पेरोच्या जागीही मासच, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

रात्रपाळी: @मडगावकर 'नाहीतर' साठी स्पॅनिशमधे दोन वेगळे शब्द आहेत, सि नो. "सि नो बिएनेस, मे बॉय", नाही आलास तर मी निघालो. कानाला पण वेगळं लागतं, सिनोमधे जोर सि वर आणि सि नो मधे नो वर. लिहिताना स्पॅनिश मुलंसुद्धा यात गडबड करतात. आपल्याकडे 'नाही, तर' आणि 'नाहीतर' यात असाच गोंधळ होतो की.

भटकी मैना: माझा नवरा मेक्सिकोचा आहे, घरात मला सिनो फार कमी ऐकू येतं. तो सरळ "नो एस कारो, एस बारातो" म्हणतो, मधे काहीच नाही. मग हे एवढं शिकायचं कशाला?

रात्रपाळी: तेही बरोबर स्पॅनिश आहे, बोलताना खूप चालतं. पण "नो सोलो... सिनो ताम्बिएन", म्हणजे 'एवढंच नाही तर तेही', हे त्यांच्या तोंडी येत असेल बघा, तिथे सिनो सहसा गळत नाही.

भटकी मैना: ते हो, ते म्हणतो. बाकीचं आज जेवताना कान देऊन ऐकते. सासूबाईंचा फोन असतो रविवारी, त्या बहुतेक जास्त वापरतात, पण ते वयामुळे की त्या शिक्षिका होत्या म्हणून, ते मला नाही सांगता येणार.

नवशिकी: मैनाताई ऐकून नक्की सांगा. मी वहीत पेरोपुढे 'पण' ठेवलं आणि सिनोपुढे 'नसून' लिहिलं.