फ्लॅश, कार्ड पंचिंग आणि आपण : तेव्हाच्या निर्णयांचे अनुभव सांगा

गड्डेकर : परवा भाच्याला घेऊन नवी पेठेत क्लासची चौकशी करायला गेलो. त्याच जिन्यावर आमच्या वेळी 'मल्टिमीडिया' असा बोर्ड होता, आता तिथं डेटा सायन्स, क्लाऊड, एआय असं काय काय लिहिलंय. भाचा म्हणाला मामा यातलं पाच वर्षांनी काय राहील, आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितोय.

मी २००८ ला फ्लॅश शिकलो, पुण्यात ई-लर्निंगच्या कंपनीत लागलो. अॅक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये हात बसला होता, कोर्सचे अॅनिमेशन, क्विझ, सगळं त्यातच व्हायचं. एप्रिल २०१० ला स्टीव्ह जॉब्सचं ते पत्र आलं, आयफोन-आयपॅडवर फ्लॅश येऊ देणार नाही म्हणून. ऑफिसात दिवसभर वाद. शेजारच्या डेस्कवरचा मित्र नोकरी सोडून आयफोनच्या अॅपकडे गेला. मला त्याच महिन्यात टीम लीड केलं, पगार वाढला, आणि मी राहिलो. दोन वर्षांत कामं आटत गेली, मग मी कोडिंग सोडून क्लायंट कोऑर्डिनेशनला गेलो, आजही तेच करतो. नोकरी चांगली आहे. पण २०१० आठवलं की आत काहीतरी टोचतं, तो मित्र कुठल्या कुठं गेला. तुम्ही असे निर्णय कसे घेतलेत, आणि नंतर त्या टोचणीचं काय करता?

अशोकचौक_पोरगा : काय सांगलालाव राव, आमच्या घरातली गोष्ट आहे ही फक्त धंदा वेगळा. वडील चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंगला होते. ग्राफ पेपरवर डिझाईन, ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड, भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलणार. मोठ्या डिझाईनला कार्डांची ही एवढी माळ व्हायची, आम्ही पोरं ती ओवायला बसायचो. मग इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं, फाईल टाकली की झालं. कार्ड संपली. पण वडलांना ग्राफ वाचता यायचा ना, कॉम्प्युटरवर डिझाईन करणारी नवी पोरं धागा कुठंतरी लांबपर्यंत मोकळाच सोडायची, चादर वापरताना तो अडकून उसवायचा. वडील स्क्रीनवर बघून सांगायचे इथं बांध पाहिजे. मालकानं शेवटपर्यंत ठेवून घेतलं. म्हणून म्हणतो मूळ कला शिकली की कधी वाया जात नाही दादा, भाच्याला हेच सांगा.

कावेरी_पुणे : ज्यांना फक्त पंच मारून कार्ड ओवता यायची त्यांचं काय झालं हो?

अशोकचौक_पोरगा : आमच्या शेजारचे काका होते तसे. वॉचमन झाले एमआयडीसीत. हां, ते खरंय.

हुतात्माचा_प्रवासी : एक विचारायचं होतं, पोरगी बारावीला आहे, कॉम्प्युटर घ्यावं का मेकॅनिकल? सोलापुरातच कॉलेज बघतोय.

शेंगाचटणी : प्रवासी, वेगळा धागा काढा की ओ, नाहीतर इथं दोनशे उत्तरं येतील आणि गड्डेकरांचं राहून जाईल 🙂

कावेरी_पुणे : गड्डेकर, मी पण त्या काळात पुण्यात ई-लर्निंगलाच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, भाजी शिजतेय तोवर.

तुम्ही २०१० चा निर्णय चुकला असं धरून चाललाय. एकदा तारखा मांडून बघा. जॉब्सचं पत्र एप्रिलमध्ये आलं हे खरं, पण त्याच उन्हाळ्यात अँड्रॉइड २.२ वर फ्लॅश प्लेअर १०.१ आला होता. म्हणजे मोबाईलवर फ्लॅश संपला असं तेव्हा ठरलेलं नव्हतं. आपले क्लायंट कोण होते? बँका, विमा कंपन्या, त्यांच्या मशीनवर इंटरनेट एक्सप्लोरर ६, ७, फार तर ८. त्यात एचटीएमएल५ चा कॅनव्हास चालायचाच नाही, तो आला ९ मध्ये, मार्च २०११ ला. मग २०१० मध्ये तुम्ही एचटीएमएल५ शिकून ज्या क्लायंटला देणार होतात त्याच्याकडे ते उघडलंच नसतं. आणि तुमचा मित्र गेला तेव्हा अॅपचा बाजार इतका वाढेल हे त्यालाही माहीत नव्हतं, त्याच्यासारखेच ब्लॅकबेरी आणि सिम्बियनकडे गेलेलेही होते, ते कुणाला आठवत नाहीत.

खरी तारीख नोव्हेंबर २०११ आहे. तेव्हा अॅडोबीनं स्वतःच सांगितलं की मोबाईल ब्राउजरसाठी फ्लॅश आता पुढं करणार नाही. आधी बोलत होता तो स्पर्धक, हे बोलला बनवणारा, आणि माझ्या लेखी हा फार मोठा फरक आहे. त्या दिवशी पुन्हा बसून विचार करायला हवा होता, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तो केला नाही कारण हातात कामं होती. शेवटची तारीख तर जुलै २०१७ ला जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२०. एवढा वेळ होता. तेव्हा टोचायचंच असेल तर २०१० सोडून द्या.

गड्डेकर : ताई, हे असं कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर २०११ ची बातमी मला आठवते, आम्ही चहाला बोललो होतो त्यावर आणि परत येऊन तेच काम उघडलं.

टेस्टर_आई : मला पण असंच होतं, मॅन्युअल टेस्टिंग सोडून सेलेनियम शिकायचं होतं तेव्हा मुलगा लहान होता. आता सगळे म्हणतात तेव्हाच करायला हवं होतं, पण तेव्हाची रात्र कुणी पाहिलीय? सासूबाई हाक मारतायत, येते.

कावेरी_पुणे : टेस्टर_आई, हेच की. नंतर आपण निकाल आठवतो आणि लहान मूल विसरतो. म्हणून मी २०१२ पासून असा निर्णय घेताना वहीत तीन ओळी लिहिते : आज काय माहीत आहे, घरची अडचण काय आहे, आणि काय झालं तर मी हा निर्णय पुन्हा उघडणार. तिसरी ओळ सगळ्यात कामाची, आणि ती बाहेरची, दिसणारी घटना पाहिजे. 'कंटाळा आला तर' असं लिहून उपयोग नाही. 'बनवणाऱ्या कंपनीनं सपोर्ट थांबवल्याचं सांगितलं तर' किंवा 'सलग दोन क्लायंटनी हे नको म्हटलं तर', असं. नाहीतर रोज नवीन बातमीनं जीव घाबरतो किंवा मग कशानंच हलत नाही.

विडीघरकुल : वही बिही ठीक आहे ताई पण ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याचा निर्णय पगारच घेतो. होटगी रोडला फ्लॅट घेतला तेव्हा मी काय शिकायचं ते बँकेनं ठरवलं.

कावेरी_पुणे : मग हप्ताच लिहायचा. दुसरी ओळ त्यासाठीच आहे. दहा वर्षांनी स्वतःला दोष देताना ती ओळ समोर येते तेव्हा बरं वाटतं, खोटं नाही सांगत.

विडीघरकुल : हप्ता लिहून फिटत नाही ना पण. असो, तुमचं पटतंय थोडं. पण ज्याला शनिवार-रविवार पण दुसरं काम करावं लागतं त्यानं ती घटना घडली हे कळून तरी काय करायचं, वेळ कुठला आणायचा?

कावेरी_पुणे : याला माझ्याकडे उत्तर नाही. मला आई-वडलांचा आधार होता, राहायचा खर्च नव्हता.

शेंगाचटणी : कावेरीताई वही असून कधी चुकलं का तुमचं? का सगळं बरोबरच?

कावेरी_पुणे : रिअॅक्ट. आमच्या कंपनीच्या वकिलांना त्याच्या लायसन्समधलं पेटंटचं कलम नको होतं, म्हणून मी शिकायचं टाळलं, आणि वहीत लिहिलं की कलम काढलं तर पुन्हा बघेन. सप्टेंबर २०१७ ला फेसबुकनं ते एमआयटी लायसन्सखाली आणलं. मी बघितलं, शिकले पण, पण तोवर ज्युनिअर मुलं माझ्या पुढं होती आणि एक चांगला प्रोजेक्ट माझ्या हातून गेला. निर्णय आजही बरोबर वाटतो, तरी तो प्रोजेक्ट आठवला की वाईट वाटतंच. वहीमुळे ते जात नाही. फक्त मी मूर्ख होते असं वाटत नाही, एवढाच फरक.

अशोकचौक_पोरगा : माझे वडील पण असंच म्हणायचे, कार्डांचा पंच विकला तेव्हा डोळे भरले होते त्यांचे, काम चालू होतं तरी.

गड्डेकर : अॅक्शनस्क्रिप्टचं थोडं तरी उरलं का ताई? मी तर ते सगळं गेलंच असं समजून सोडलं.

कावेरी_पुणे : बरंच उरलं. `var naav:String` लिहायचात ना, टाईपस्क्रिप्टमध्ये `let naav: string`. `addEventListener` तर नाव पण तेच. क्लास, इव्हेंट, एक्सएमएल वाचणं, हे सगळं चाललं. गेलं ते टाइमलाइन, मूव्ही क्लिपमध्ये मूव्ही क्लिप, ट्वीन लावणं. वाईट याचं वाटतं की जे गेलं त्यातच आपण सगळ्यात हुशार होतो आणि त्याचीच वाहवा मिळायची. आणि जे कुणालाच नको होतं, एलएमएसला कोर्स जोडायचं, स्कॉर्मचं काम, ते मला नवीन म्हणून ढकललं होतं. २०१८ ते २०२० मध्ये जुने फ्लॅश कोर्स एचटीएमएल५ ला न्यायची जी धावपळ झाली त्यात माझं तेच चाललं. दिसण्याचा भाग सगळा बदलला, एलएमएसशी बोलायची भाषा तीच राहिली. मी ते ओळखून निवडलं होतं असं मात्र म्हणणार नाही.

सातरस्ता_मास्तर : स्कॉर्मचं नाव निघालं म्हणून विचारतो, विषयाला सोडून आहे, माफ करा. मी एका संस्थेसाठी कोर्स बनवतो, विद्यार्थी अर्ध्यात बंद करून परत आला की कधी बरोबर जागी उघडतो, कधी पहिल्यापासून. लहान कोर्सला होत नाही, मोठ्यालाच. कुणीतरी म्हणालं नेट स्लो आहे.

कावेरी_पुणे : नेट नाही. स्कॉर्म १.२ आहे का? त्यात `cmi.suspend_data` मध्ये ४०९६ अक्षरंच मावतात. मोठ्या कोर्समध्ये प्रत्येक स्लाईडची, प्रत्येक उत्तराची नोंद तिथं साठते, विद्यार्थी पुढं जाईल तसं ते भरतं, आणि मर्यादा ओलांडली की काही एलएमएस शेवटचं कापतात, काही घेतच नाहीत. म्हणून सुरुवातीला बंद केलं तर नीट उघडतं आणि शेवटाकडे बंद केलं तर बिघडतं. तुमचं तसंच होतंय का बघा. ब्राउजरच्या कन्सोलमध्ये त्या मजकुराची लांबी मोजा.

सातरस्ता_मास्तर : हो हो शेवटच्या भागातच होतं! बघतो. नाही तर काय करायचं?

कावेरी_पुणे : एलएमएस घेत असेल तर स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती म्हणून पब्लिश करा, त्यात ६४,००० मावतात. घेत नसेल तर कोर्सचे दोन भाग.

गड्डेकर : हे वाचताना मला सगळं समजतंय, गंमत आहे. मास्तर, आमच्या क्लायंटलाही हाच त्रास होता, आम्ही कोर्स तोडला होता, एलएमएसनं २००४ घेतलं नव्हतं. तुमचं कुठलं एलएमएस आहे?

सातरस्ता_मास्तर : मूडल.

गड्डेकर : मग तोडाच. माझ्या माहितीप्रमाणे ते १.२ च नीट धरतं. फाईल कशी तोडली ते मी उद्या लिहितो, आता नळाला पाणी आलंय, चार दिवसांनी.

शेंगाचटणी : आमच्याकडे अजून नाही आलं 😭 कुठला भाग तुमचा?

गड्डेकर : जुळे सोलापूर.