वादविवाद स्पर्धा : घंटेचा नियम आधी सांगावा

"सूत्रसंचालकाने वेळेचा नियम कसा सांगावा, म्हणजे मुले गोंधळणार नाहीत?"

सर, विषय दोनदा सावकाश वाचून लगेच घंटेचा अर्थ सांगावा, कारण इशाऱ्याच्या टोलालाच वेळ संपली असे समजून मुले मध्येच खाली बसतात. यवतमाळकडच्या आमच्या शाळेत मी असे म्हणतो : "मान्यवर परीक्षक आणि स्पर्धकहो, आजचा विषय आहे 'कोरडवाहू शेतीत कापसापेक्षा सोयाबीन बरे'. प्रत्येकास ४ मिनिटे मिळतील. ३ मिनिटे होताच एक टोल पडेल, तेव्हा कृपया समारोपाकडे वळावे, आणि दोन टोल पडताच सुरू असलेले वाक्य पूर्ण करून थांबावे." दोन्ही टोल तिथेच वाजवून दाखवावेत. वेळ संबोधनापासून मोजणार की पहिल्या मुद्द्यापासून, हेही जाहीर करावे; माझ्या मते संबोधनापासूनच मोजावी, म्हणजे लांबलचक नमस्कार आपोआप आवरतात.