लॉगआउट, क्लिअर डेटा की अनइन्स्टॉल?

«तापकीर गल्लीत जुना फोन विकायचा आहे. टेलिग्राममधून लॉगआउट करू, क्लिअर डेटा करू की अ‍ॅपच काढून टाकू? नव्या फोनवर संवाद राहतील ना?»

राहतील, कारण टेलिग्रामचे नेहमीचे संवाद सर्व्हरवर असतात आणि तिन्ही उपायांनी फोनमधली प्रतच तेवढी जाते. मात्र ‘सीक्रेट चॅट’ फक्त त्या फोनवरच असतो. तिन्हींपैकी काहीही केले तरी तो तुमच्याकडून कायमचा जातो, समोरच्याकडची प्रत मात्र राहते. त्यामुळे त्यातील आवश्यक मजकूर आधीच उतरवून घ्यावा.

खरा फरक सर्व्हरला काय कळते, यात आहे. लॉगआउट केल्यावर अ‍ॅप सर्व्हरला कळवते आणि त्या फोनचे सत्र संपते. क्लिअर डेटा किंवा अनइन्स्टॉल केल्यास फोनमधली लॉगिनची किल्ली पुसली जाते, पण सर्व्हरला निरोप जात नाही. म्हणून नव्या फोनवर Settings मधील Devices उघडल्यास विकलेला फोन यादीत दिसतच राहतो. तसे दिसल्यास त्या नोंदीवर जाऊन सत्र संपवावे. शेजारचे Clear cache मात्र निराळे. त्याने केवळ तात्पुरत्या फाइली जातात, लॉगिन कायम राहते.

गॅलरीत साठवलेली छायाचित्रे यांपैकी कशानेही जात नाहीत, म्हणून आधी लॉगआउट आणि शेवटी फॅक्टरी रीसेट, हा क्रम मला योग्य वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपला हा हिशेब लावू नका. तिथला इतिहास फोनवर असतो, बॅकअप न घेता डेटा पुसला तर तो परत मिळण्याची आशा धरू नये.