मदत हवी आहे: कॉस्ट शीटमध्ये नगाला ७५९ येतोय, पार्टी ६५० म्हणतेय. चूक कुठे?

शिरोलीकर_७
शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. बिडाच्या ब्रॅकेटची १००० नगांची ऑर्डर आहे. शीट आधीच्या अकाउंटंटने बनवलेली, तो सोडून गेला. मालक म्हणतात तपासून उद्या सकाळी भाव पाठव.

मटेरियल २,८३,२००
मजुरी ९०,०००
सुपरवायझर २२,०००
प्राइम कॉस्ट ३,९५,२००
फॅक्टरी ओव्हरहेड १,८०,०००
वर्क्स कॉस्ट ५,७५,२००
ऑफिस व विक्री खर्च १०% ५७,५२०
एकूण ६,३२,७२०
मार्जिन २०% १,२६,५४४
विक्री ७,५९,२६४, म्हणजे नगाला ७५९.२६

बेरजा सगळ्या बरोबर आहेत, कॅल्क्युलेटरवर दोनदा केल्या. मग चूक कुठे? जरा लवकर सांगा.

लेथमास्तर
१,८०,००० कुठून आले? आम्ही वीस वर्षं मजुरीच्या दीडपट ओव्हरहेड लावतो. ९०,००० चे १,३५,००० होतात. तेवढं बदला, पंचेचाळीस हजार तिथेच खाली येतील.

कॉस्टवाला_नाना
मास्तर, थांबा. आधी माहिती घेऊ द्या. शिरोलीकर, चार गोष्टी सांगा. २,८३,२०० हा बिलाचा जीएसटीसकट आकडा आहे का? १,८०,००० महिन्याचा आहे की वर्षाच्या बजेटवरून काढलाय? या जॉबला मशीन किती तास चाललं? आणि २०% मार्जिन विक्रीवर ठरलंय की खर्चावर?

घरगुती_मसाले
आमच्याकडे पण अगदी हेच झालं होतं! गोडा मसाल्याच्या पाव किलोला दुकानदार एमआरपीवर ३०% मागतो आणि आपण खर्चावर ३०% धरून बसतो. शेवटी मी पॅकिंगची पिशवी बदलली. तुम्ही पॅकिंग खर्च धरलाय का?

शिरोलीकर_७
पॅकिंग नाही हो ताई, पार्टीचीच क्रेट येते.
नाना, मटेरियल बिलावरचं एकूण आहे, म्हणजे जीएसटी धरून. १,८०,००० गेल्या महिन्याच्या लेजरमधून उचललेत. महिनाभर हाच जॉब चालला, तास ४००. मार्जिनबद्दल मालक फक्त "वीस टक्के सुटले पाहिजेत" म्हणतात.

सई_इंटर
मी सीएमए इंटरची तयारी करतेय. "२०% ऑन सेल्स" असेल तर खर्चावर २५% होतात. शीटमध्ये नक्की कोणतं सूत्र आहे ते सेलवर क्लिक करून बघाल का? पेपरात याच्यावरच मार्क जातात.

शिरोलीकर_७
आहे ते असं:

```
=B9*1.2
```

सई_इंटर
म्हणजे खर्चावर लावलंय. विक्रीवर हवं असेल तर

```
=B9/(1-20%)
```

पण मग तुमचा भाव अजून वर जातो, ७९०.९०!

शिरोलीकर_७
अहो, मला खाली आणायचाय.

कॉस्टवाला_नाना
सई बरोबर सांगतेय, पण मार्जिन शेवटी बघू. वरच्या ओळी चुकीच्या असताना खालचा टक्का दुरुस्त करून काही हाती लागत नाही. वरून सुरू करू.

बिल २,८३,२०० चं, १८% जीएसटी धरून. म्हणजे मूळ माल २,४०,००० चा आणि ४३,२०० कर. त्या कराचं क्रेडिट तुम्ही घेणारच आहात, मग तो खर्च कसा? हे ४३,२०० शीटमधून काढा. आता दोन गोष्टी दिसत नाहीत: फाउंड्रीपासूनचं गाडीभाडं, आणि चिप्स विकल्या त्याचे पैसे. शिवाय ब्रॅकेटला फिक्स्चर नवीन बनवलं असणार. ते कुठे टाकलंय?

शिरोलीकर_७
भाडं ६,०००. कास्टिंग अडीच किलोचं, मशीनिंग होऊन दोन किलो राहतं. अर्धा किलो चिप्स प्रमाणे ५०० किलो, २४ रुपयांनी गेल्या, १२,०००. ते "इतर उत्पन्न" मध्ये आहेत. फिक्स्चर २६,००० चं, टूल्सच्या खात्यात. भाडंही फॅक्टरी खर्चातच.

कॉस्टवाला_नाना
आणि सुपरवायझरचा पगार? त्या १,८०,००० मध्ये पण आहे का?

शिरोलीकर_७
आत्ता लेजर उघडून बघितलं. आहे. २२,००० तिथेही आहेत आणि वर प्राइममध्येही.

कॉस्टवाला_नाना
मग एकच माणूस दोनदा पगार घेतोय. सुपरवायझर सगळ्या मशीनवर नजर ठेवतो, एका जॉबचा नसतो, त्यामुळे प्राइममधून तो काढा. उलट फिक्स्चर फक्त याच ब्रॅकेटचं आहे, ते प्राइममध्ये घ्या. भाडंही मालाबरोबर घ्या.

माल २,४०,००० + भाडं ६,००० − चिप्स १२,००० = २,३४,०००
मजुरी ९०,०००
फिक्स्चर २६,०००
प्राइम कॉस्ट ३,५०,०००

गंमत बघा, तुमच्या ३,९५,२०० पासून फरक ४५,२०० चाच, पण आतल्या पाच ओळी हलल्या. म्हणून "बेरीज बरोबर आहे" याला अर्थ नसतो.

लेथमास्तर
बरं झालं प्राइम. त्यावर माझे १,३५,००० लावा आणि मोकळे व्हा. गावाकडच्या शॉपला एवढा कीस कशाला?

कॉस्टवाला_नाना
मास्तर, तुमचं दीडपट कधी ठरलं?

लेथमास्तर
साध्या लेथवर होतो तेव्हा. एका मशीनला एक माणूस.

कॉस्टवाला_नाना
तिथे ते चालत होतं, कारण माणसाचा तास आणि मशीनचा तास एकच होता. आता सीएनसीवर एक ऑपरेटर दोन मशीनं बघतो. मजुरी निम्मी, पण वीज, घसारा, इन्सर्ट तेवढेच. दीडपट लावलं की मशीनवरचे जॉब स्वस्त दिसतात आणि हाताने डिबरिंग करायचे जॉब विनाकारण महाग. शिरोलीकर, वर्षाचं बजेट आहे का कुठे?

शिरोलीकर_७
बँकेला दिलेल्या प्रोजेक्शनमध्ये फॅक्टरी खर्च १८ लाख आहे. मशीनं तीन, एक शिफ्ट. तास कसे धरू?

कॉस्टवाला_नाना
तीन मशीनं, ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ६०० तास. वर्षाचे ७,२००. त्यातून सेटिंग, मेंटेनन्स, वीज जाणं वजा करून ६,००० धरायला हरकत नसावी. तुमच्या शॉपची नोंद असेल तर ती वापरा. १८ लाख भागिले ६,०००, तासाला ३०० रुपये.

तुमच्या शीटने काय केलं? गेल्या महिन्यात मशीनं ५०० ऐवजी ४०० तास चालली, आणि त्या महिन्याचा सगळा खर्च एकाच ऑर्डरवर टाकला. दर झाला १,८०,००० ÷ ४०० = ४५०. रिकाम्या १०० तासांचं भाडं या पार्टीने का द्यावं? भरगच्च महिन्यात हाच ब्रॅकेट केला असता तर स्वस्त झाला असता का? जॉबवर ४०० × ३०० = १,२०,००० एवढेच जातील.

सई_इंटर
पण उरलेला खर्च कुठे जाणार? खर्च तर झालाच ना.

कॉस्टवाला_नाना
१,८०,००० मधून फिक्स्चर आणि भाडं काढलं की खरा फॅक्टरी खर्च १,४८,००० उरतो. जॉबवर गेले १,२०,०००. तुटले २८,०००. त्यात १०० रिकामे तास × ३०० = ३०,००० आणि महिन्याच्या दीड लाखाच्या बजेटपेक्षा २,००० खर्च कमी झाला, त्याचा फायदा. हे २८,००० नफा-तोट्यात जातात, जॉबच्या भावात नाही. एएस-२ मध्येही स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवरच वाटायला सांगितलंय. मालकांना हा आकडा वेगळा दाखवा, कारण तो ऑर्डरी आणायचा प्रश्न आहे, कॉस्टिंगचा नाही.

एक्सेल_भाऊ
माझ्याकडे तयार टेम्प्लेट आहे, रंगीत, ग्राफसकट. ईमेल टाका, पाठवतो.

शिरोलीकर_७
नको भाऊ, आधी हीच सुटू दे. नाना, मी केलं ते बघा:

प्राइम ३,५०,०००
ओव्हरहेड १,२०,०००
वर्क्स ४,७०,०००
ऑफिस १०% ४७,०००
एकूण ५,१७,०००

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "शंभराची विक्री झाली की वीस माझे." मग विक्रीवरच ना?

सई_इंटर
हो, विक्रीवर. ५,१७,००० ÷ ०.८ = ६,४६,२५०. नगाला ६४६.२५. खर्चावर धरलं असतं तर ६२०.४०, म्हणजे ऑर्डरवर २५,८५० कमी.

पडताळा: ६,४६,२५० चे २०% = १,२९,२५०. वजा केले की ५,१७,०००. जमलं!

शिरोलीकर_७
पार्टी ६५० ला तयार आहे. म्हणजे बसतंय!

लेथमास्तर
बसतंय काय, मशीनं रिकामी आहेत म्हणता ना? मग ५५० ला पण घ्यायची. प्राइम नगाला ३५०, वरचे २०० ओव्हरहेडला येतात. रिकामं मशीन काय देणार?

कॉस्टवाला_नाना
५५० ला घ्यायची वेळ आली तर तो मालकांचा निर्णय, पण तो भाव एकदा दिला की पुढच्या ऑर्डरला तीच पार्टी तुम्हाला तोच कागद दाखवते. शिवाय तुमच्या ३५० मध्ये मजुरी धरलीय, ती ऑपरेटर बसून असला तरी द्यावीच लागते. त्या हिशेबाने तळ अजून खाली जाईल, आणि तोच धोका आहे.

लेथमास्तर
आम्ही मंदीत तसंच शॉप चालवलं.

कॉस्टवाला_नाना
चालवलं असेल. इथे पार्टी ६५० देतेय, मग ५५० चा विषय का काढायचा? त्यापेक्षा फिक्स्चरचं बोलू. शिरोलीकर, ही ऑर्डर परत येणार आहे का?

शिरोलीकर_७
पार्टी म्हणते वर्षाला ४,००० नग. लिहून काही दिलं नाही.

कॉस्टवाला_नाना
४,००० वर फिक्स्चर पसरलं तर या हजाराला ६,५०० च लागतात, भाव ६१९.४४ पर्यंत येतो. पण लेखी नाही म्हणता, मग उरलेले १९,५०० तुमच्या अंगावर. मी असतो तर टूलिंग २६,००० वेगळं बिल केलं असतं आणि नगाचा भाव ६१०.५० लिहिला असता.

सई_इंटर
पण मग फिक्स्चर पार्टीच्या मालकीचं होईल ना? उद्या त्यांनी ते उचलून दुसऱ्या शॉपला दिलं तर?

कॉस्टवाला_नाना
होऊ शकतं. कोल्हापुरात असं होताना बघितलंय.

घरगुती_मसाले
फिक्स्चर म्हणजे आमच्या पाऊच सीलिंग मशीनच्या डायसारखंच का? ती डाय आम्ही आमच्याच नावावर ठेवतो.

शिरोलीकर_७
साधारण तसंच ताई.
मालक म्हणतात फिक्स्चर वेगळं लावू नका, पार्टी बिथरेल. ६५० लिहून पाठवतोय, जीएसटी वेगळा. नाना, अजून एक: तो ऑफिसचा १०% पण जुन्याच अकाउंटंटचा आहे. तो कुठून आला ते लेजरमध्ये सापडत नाहीये.

कॉस्टवाला_नाना
गेल्या वर्षीचा ऑफिस आणि विक्रीचा एकूण खर्च किती, आणि वर्षभराची वर्क्स कॉस्ट किती? हे दोन आकडे टाका. भाव आज जाऊ दे, हे उद्या बघू.